सेमिनारचे गुण: खर्च किती येतो आणि चुकलेली सरासरी केवढ्याला पडते

काही वर्षांपूर्वी मी अमरावती जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. सेमिनारचे गुण नोटीस बोर्डावर लागले आणि दुसऱ्या दिवशी एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सर, त्यानं सोताले दाहा देल्ले, मी मले पाच देल्ले. माह्यं चुकलं काय?"

तिचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. सहा जणांच्या त्या बॅचमध्ये शिक्षकाचे गुण ७० टक्के आणि वर्गमित्रांचे ३० टक्के असं ठरलं होतं. सरासरी काढताना मी प्रत्येकाने स्वतःला दिलेले गुणही धरले. त्यामुळे तिला आणि त्या मुलाला, दोघांनाही २० पैकी १४ आले. नीट हिशेब केला असता तर तिला १५ आणि त्याला १३ मिळायला हवे होते. यादी मी बदलून लावली, पण ते वाक्य अजून विसरलेलो नाही.

आता संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांत अंतर्गत मूल्यमापनासाठी सेमिनार आणि सादरीकरण ही रोजची गोष्ट झाली आहे. ऐकणाऱ्या मुलांनीही गुण द्यावेत, हा प्रयोग अमरावती-अकोल्याच्या कुठल्याही विभागात करता येण्यासारखा आहे. त्याला पैसे किती लागतात, वेळ किती जातो आणि हिशेब चुकला तर विद्यार्थ्याला तो किती गुणांना पडतो, या तिन्ही खर्चांचा हिशेब इथे मांडतो. तिसरा खर्च सगळ्यात महाग आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

एका गुणाचा हिशेब

त्या बॅचमधल्या दोघांना रोल नंबर २ आणि रोल नंबर ४ म्हणू. सेमिनार २० गुणांचा, शिक्षक २० पैकी गुण देणार, मुलं एकमेकांना १० पैकी देणार.

रोल नंबर ४ ला शिक्षकाचे १३ गुण. बाकीच्या पाच जणांनी त्याला ७, ८, ६, ७ आणि ७ दिले. बेरीज ३५, सरासरी ७. शिक्षकाचे ७० टक्के म्हणजे ९.१. मुलांच्या वाट्याला एकूण ६ गुण आहेत, त्यातले दहापैकी सात म्हणजे ४.२. एकूण १३.३, यादीत १३. पण त्याने स्वतःला दिलेले १० त्यात मिसळले की बेरीज ४५ होते, सहाने भागलं की सरासरी ७.५. मुलांचे गुण ४.५ होतात, एकूण १३.६ आणि यादीत १४.

रोल नंबर २ ला शिक्षकाचे १४ गुण, म्हणजे ९.८. पाच जणांची सरासरी ८, म्हणजे ४.८. एकूण १४.६, यादीत १५. तिने स्वतःला दिलेले ५ मिसळले की सरासरी साडेसातवर येते, एकूण १४.३ आणि यादीत १४. म्हणजे ज्याने स्वतःला भरभरून दिलं त्याला एक गुण मिळाला आणि जिने संकोच केला तिचा एक गुण गेला. आपल्याकडे खेड्यातून आलेली मुलं, आणि त्यातही मुली, स्वतःला कमी गुण देताना मी वारंवार पाहिली आहेत. म्हणून स्वतःचे गुण वगळणं हा मला नुसता हिशेबातला बारकावा वाटत नाही.

याच कामात आणखी एक चूक होते आणि ती चटकन लक्षात येत नाही. शिक्षक सांगतात, "स्वतःच्या नावासमोरची जागा कोरी सोडा," आणि मुलं ती सोडतातही. पण बेरजेला भागताना सवयीने वर्गाच्या पूर्ण संख्येने भागलं जातं. रोल नंबर ४ च्या ३५ ला सहाने भागलं की ५.८३ येतात. याचा अर्थ त्याने स्वतःला शून्य दिलं असाच होतो. भागायचं ते ज्यांनी खरोखर गुण दिले त्यांच्या संख्येने. कोणी गैरहजर असेल तर तोही त्या संख्येत येत नाही.

तिसरी चूक मापाची. शिक्षकाचे गुण वीसपैकी आणि मुलांचे दहापैकी, हे विसरून १३ चे ७० टक्के आणि ७ चे ३० टक्के थेट मिळवले की ९.१ आणि २.१, एकूण ११.२ होतात. ही चूक पकडायला सोपी युक्ती आहे. एका काल्पनिक विद्यार्थ्याला सगळीकडे पैकीच्या पैकी गुण टाकून पाहा. उत्तर २० यायला हवं. ते १७ आलं तर मुलांचा वाटा अर्धाच मोजला जातोय.

पैसे आणि तास

आता २४ विद्यार्थ्यांचा वर्ग धरू. प्रत्येकजण स्वतःला सोडून २३ जणांना गुण देणार, म्हणजे एकूण ५५२ नोंदी. खर्च कुठे जातो हे या एका आकड्यावरून कळतं.

कागदावर करायचं तर दोन रीती आहेत. प्रत्येक सादरीकरणाला प्रत्येकाच्या हाती एक वेगळी चिठ्ठी द्यायची, ए-फोर कागदाच्या चार चिठ्ठ्या केल्या तर १३८ पानं लागतात. झेरॉक्सचे पानामागे एक ते दोन रुपये धरले तर १३८ ते २७६ रुपये. दुसरी रीत म्हणजे प्रत्येकाला २४ नावांचा एकच तक्ता. मग २४ पानांत काम होतं आणि पन्नास रुपयांच्या आत भागतं. स्वस्त आहे, पण मी चिठ्ठ्यांचाच आग्रह धरीन. तक्ता मुलांकडे राहिला की आधीच्यांना दिलेले गुण समोर दिसतात, मागचे खोडून नवे लिहिले जातात, आणि शेवटच्या दिवशी शेजाऱ्याचा तक्ता पाहून उरलेला भरला जातो. चिठ्ठी तिथल्या तिथे पेटीत पडते.

खरा खर्च त्यानंतरचा. ५५२ आकडे संगणकात भरायला एका आकड्यामागे दहा सेकंद धरले तरी दीड तास जातो, आणि तपासणी वेगळी.

गूगल फॉर्मला पैसे लागत नाहीत आणि आकडे भरण्याचा दीड तासही वाचतो. त्याऐवजी फॉर्म नीट बांधायला पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. ज्याच्याजवळ फोन नाही किंवा ज्याचा डेटा संपला आहे, त्याच्यासाठी पाच-दहा चिठ्ठ्या टेबलावर ठेवायच्या आणि त्या शिक्षकाने स्वतः भरायच्या. फोन नाही म्हणून कोणाचं मत गळू नये.

तिसरा मार्ग मूडलचा. मूडल हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सर्व्हरला मात्र पैसे लागतात. त्यामुळे महाविद्यालयात ते आधीपासून चालू असेल तरच विचार करा. त्यात Workshop नावाची सोय खास परस्पर मूल्यमापनासाठी आहे आणि स्वतःचं मूल्यमापन तिथे आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय होत नाही. अडचण वजनाची आहे. तिथे प्रत्येक मूल्यमापनाला ० ते १६ एवढंच वजन देता येतं. शिक्षकाला १६ दिलं आणि २३ मुलांना प्रत्येकी १, तर शिक्षकाचा वाटा ३९ पैकी १६, म्हणजे ४१ टक्के. सत्तर टक्के होतच नाहीत. शिवाय एखाद्या दिवशी दहा मुलं गैरहजर असली की शिक्षकाचा वाटा आपोआप वाढतो आणि प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळं प्रमाण लागू होतं. सहा-सात जणांच्या बॅचला ही सोय चांगली आहे. पूर्ण वर्गासाठी शिक्षकाचे गुण वेगळे ठेवून शेवटी जोडलेलेच बरे.

वर्गातला वेळ मात्र कुठल्याही पद्धतीत सारखाच लागतो. दहा मिनिटं सादरीकरण आणि दोन मिनिटं गुण द्यायला, असं धरलं तर २४ जणांना २८८ मिनिटं होतात. ४८ मिनिटांच्या तासिकेत चार जण बसतात, म्हणजे बरोबर सहा तासिका. ती दोन मिनिटं वाचवायला जाऊ नका. पुढचा विद्यार्थी पेनड्राइव्ह लावत असताना घाईत टाकलेले गुण आधीच्याला की पुढच्याला, हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही.

फॉर्म आणि सूत्र

फॉर्ममध्ये तीनच प्रश्न पुरतात: माझा रोल नंबर, सादर करणाऱ्याचा रोल नंबर आणि १० पैकी गुण. दोन्ही रोल नंबर यादीतून निवडायचे ठेवा आणि तिन्ही प्रश्न सक्तीचे करा. नावं टाइप करायला सांगितली की एकच मुलगी कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ, कधी आडनावासकट आणि कधी शेवटी एक मोकळी जागा सोडून उमटते. मग संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि स्वतःला दिलेले गुण "दुसऱ्याचे" म्हणून सरासरीत शिरतात.

सेटिंगमध्ये ईमेल पत्ते नोंदवण्याचा पर्याय चालू करा, म्हणजे दुसऱ्याच्या रोल नंबरवर कोणी भरलं तर ओळखता येतं. Limit to 1 response हा पर्याय मात्र बंद ठेवा. सगळ्या सादरीकरणांना एकच फॉर्म वापरत असाल तर तो चालू राहिल्यास पहिल्या सादरीकरणानंतर कोणालाच पुन्हा भरता येणार नाही.

उत्तरं शीटमध्ये येतात तेव्हा A रकान्यात वेळ, B मध्ये गुण देणारा, C मध्ये सादर करणारा आणि D मध्ये गुण असतात. ईमेल नोंदवत असाल तर त्याचा रकाना वेळेच्या शेजारी येऊन बाकीचे सरकू शकतात, तेव्हा अक्षरं तपासून बदला. F रकान्यात वर्गाचे रोल नंबर लिहा आणि G2 मध्ये हे सूत्र:

```
=AVERAGEIFS(D:D, C:C, F2, B:B, "<>"&F2)
```

सादर करणारा हा असेल आणि गुण देणारा हाच नसेल, अशाच नोंदींची सरासरी घे, एवढंच ते सांगतं. भागायची संख्या सूत्र स्वतः मोजतं, त्यामुळे गैरहजेरीचा प्रश्न उरत नाही. H2 मध्ये शिक्षकाचे वीसपैकी गुण टाकले की एकूण असं:

```
=ROUND(20*(0.7*H2/20 + 0.3*G2/10), 0)
```

पूर्णांक करायचा तो इथेच, एकदाच. आधी ७.५ चे ८ करून मग ३० टक्के काढले की कोणाचे तरी गुण फुकट वाढतात आणि कोणाचे जातात.

शेजारच्या रकान्यात किती जणांनी गुण दिले तेही मोजून ठेवा:

```
=COUNTIFS(C:C, F2, B:B, "<>"&F2)
```

चोवीस जणांच्या वर्गात हा आकडा २३ पेक्षा जास्त दिसला तर कोणीतरी दोनदा भरलं आहे. दोनातली नंतरची नोंद ठेवायची की आधीची, हे अगोदरच वर्गात सांगून टाका. आकडा फार कमी दिसला, समजा १६ च्या खाली, तर त्या विद्यार्थ्याला मुलांचे गुण न लावता शिक्षकाचेच पूर्ण धरावेत असं माझं मत आहे. सहा तासिकांमध्ये पावसाचा एखादा दिवस आला की बाहेरगावहून एस.टी.ने येणारी अर्धी मुलं गळतात, आणि त्या दिवशी ज्याचं सादरीकरण आहे त्याचा यात काही दोष नसतो.

गुण कशाला द्यायचे हेही ठरलेलं हवं. आवाज, मांडणी, विषयज्ञान, स्लाइड असे आठ-दहा रकाने पाडण्याचा मोह होतो. नॅन्सी फाल्चिकोव आणि जुडी गोल्डफिंच यांनी २००० साली परस्पर मूल्यमापनाचे ४८ अभ्यास एकत्र तपासले होते. निकष मुलांना नीट समजलेले असतील आणि त्यांनी सगळं मिळून एकच गुण दिला, तर तो शिक्षकाच्या गुणांशी अधिक जुळतो, असं त्यांना आढळलं. तुकड्या-तुकड्यांत दिलेले गुण तितके जुळत नव्हते. म्हणून एकच आकडा मागा, पण त्या आकड्यांचा अर्थ फळ्यावर लिहा: पाच म्हणजे स्लाइड वाचून दाखवली, सात म्हणजे विषय कळला, पण एखादी जागा अपुरी राहिली, नऊ म्हणजे प्रश्नांनाही मुद्देसूद उत्तरं दिली. पहिल्या दिवशी शिक्षकाने स्वतः पाच मिनिटं बोलून त्याला सगळ्यांकडून गुण घ्यावेत. सात म्हणजे काय यावर जो वाद होतो, तो त्याच दिवशी होऊन जाऊ द्या.

स्वतःला वगळल्यावरही उरणारी अडचण

प्रत्येकाने स्वतःला वगळलं की प्रत्येक विद्यार्थ्याचं परीक्षक मंडळ किंचित वेगळं होतं, हे सहसा लक्षात घेतलं जात नाही. समजा सहा जणांच्या बॅचमध्ये पाच जण सगळ्यांना ७ देतात आणि रोल नंबर ५ सगळ्यांना ४ देतो. रोल नंबर ५ सोडून बाकी प्रत्येकाची सरासरी ६.४ होते. त्याची स्वतःची मात्र ७ राहते, कारण त्याचा कडकपणा त्याच्या स्वतःच्या वाट्याला येतच नाही. वीसपैकी एकूण गुणांत हा फरक ०.३६ चा पडतो, म्हणजे पूर्णांक करताना एक गुण इकडचा तिकडे व्हायला पुरेसा. हे कोणी मुद्दाम करत असेल असं नाही. काही मुलांचा हातच आखडता असतो. पण कोणी मुद्दाम केलं तरी चालून जातं.

चोवीसच्या वर्गात त्याच कडक मुलाचा परिणाम तेवीस जणांत विभागला जातो. फरक ०.१३ चा, एकूण गुणांत जेमतेम ०.०८ चा. मैत्रीचंही तसंच आहे. पाचातल्या दोन मित्रांनी सातऐवजी दहा दिले तर एकूण ०.७२ गुण वाढतात, तेवीसातल्या दोघांनी दिले तर ०.१६. म्हणून वर्ग लहान असेल तेव्हा मुलांचं वजन कमी ठेवावं. दहापेक्षा कमी जण असतील तर मी २० टक्क्यांच्या वर जाणार नाही. किंवा सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, म्हणजे सगळे गुण चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला:

```
=MEDIAN(FILTER(D:D, C:C=F2, B:B<>F2))
```

वरच्या उदाहरणात यामुळे रोल नंबर ५ सह सगळ्यांना ७ च मिळतात. याचीही मर्यादा आहे. पाच-सहा जणांत मधला आकडा एकदम ७ वरून ८ वर उडी मारतो, मधले बारीक फरक पुसले जातात. सरासरी घ्यायची की मधला आकडा, हे पहिल्या सादरीकरणाच्या आधी सांगून ठेवलेलं असावं. यादी पाहून पद्धत बदलली तर तुमच्या हिशेबावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना मोकळेपणाने सांगायला हवी. कागदावर ३० टक्के म्हटलं तरी मुलांचे गुण बहुतेक ८ ते ९ च्या मध्येच राहिले, तर त्या वाट्याने दोघांत पडणारा फरक जास्तीत जास्त ०.६ गुणांचा. शिक्षकाचे गुण ९ ते १८ पसरले असतील तर त्यांच्यामुळे पडणारा फरक ६.३ चा. अशा वेळी क्रम प्रत्यक्षात शिक्षकच ठरवतो. यात वाईट काही नाही, पण "तुमच्या मताला तीस टक्के किंमत आहे" असं मुलांना सांगण्याआधी मागच्या वर्षीचे गुण किती पसरले होते ते पाहावं. आणि ही पद्धत अंतर्गत गुणांसाठी वापरायची तर विभागप्रमुखांची लेखी संमती आधी घेऊन ठेवावी. वाद झाला तर तोच कागद कामी येतो.

विद्यार्थ्यांसाठी शेवटचं. यादी लागल्यावर शिक्षकांकडे तीन आकडे मागा: शिक्षकाचे गुण, वर्गमित्रांची सरासरी आणि ती किती जणांची. कोणी किती दिले ते विचारू नका, ते गुप्तच राहायला हवं. या तीन आकड्यांवर तुमचे गुण तुम्हाला वहीच्या मागच्या पानावर काढता येतात. आणि तिसरा आकडा तुमच्या वर्गाच्या पूर्ण पटाइतका निघाला, तर त्यात तुमचे स्वतःचे गुण मिसळले आहेत किंवा कोणाची तरी नोंद दोनदा आली आहे, असं समजून त्याच दिवशी सरांना किंवा मॅडमना जाऊन सांगा.